बँडच्या कार्यक्रमाची जाहिरात: इंदूरमध्ये पहिल्यांदाच तिकीट लावणाऱ्यांसाठी

घरच्या गणपतीत, कॉलनीच्या कोजागिरीला किंवा कॉलेजात वाजवून तयार झालेला बँड जेव्हा पहिल्यांदा तिकीट लावतो, तेव्हा सगळा जीव तालमीत असतो आणि जाहिरात कुणीतरी आदल्या रात्री लिहून टाकतो. मग दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. संपणार कधी? लहान मुलाचं तिकीट लागतं का? देवासहून यायचंय, गाडी कुठे लावू? प्रत्येक फोन म्हणजे जाहिरातीत राहून गेलेली एक ओळ. म्हणून ही ओळ-न्-ओळ कशी ठरवायची ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणाला एक बँड घेऊ: पाच जण, रामबाग आणि राजेंद्रनगरची मुलं-मुली, गाणी बहुतेक स्वतःच्या चालीची. सभागृह रीगलच्या आसपासचं, ४०० खुर्च्यांचं. तारीख शनिवार, ५ डिसेंबर २०२६. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, तुमचे वेगळे असतील. हिशेबाची पद्धत मात्र हीच राहील.

आधी वेळ, मग बाकी सगळं

जाहिरातीचा मजकूर सभागृहाच्या भाडेपावतीपासून सुरू होतो. आगाऊ रक्कम भरून पावती हातात आल्याशिवाय तारीख कुठेही लिहू नका, मित्रांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. तिथून ती एका तासात शहरभर होते आणि मग बदलता येत नाही.

पावती घेताना व्यवस्थापकांना विचारा की सभागृह किती वाजता ताब्यात मिळेल आणि किती वाजता रिकामं करून द्यायचं. इथली सभागृहं बहुधा सत्रावर मिळतात. समजा तुम्हाला दुपारी ३ ते रात्री १०.३० मिळाले. हा वेळ उलटा मोजत या. ड्रम, स्पीकर, वायरी आवरून टेम्पोत चढवायला एक तास लागतो, म्हणजे ९.३० ला पडदा पडलाच पाहिजे. एखादं गाणं वाढेल, कुणाचा सत्कार होईल, म्हणून कार्यक्रमाचा शेवट ९.१५ धरा. सव्वादोन तासांचा कार्यक्रम, त्यात मध्यंतर पंधरा मिनिटांचं. सुरुवात ७ वाजता.

आता पुढच्या बाजूने मोजा. ३ वाजता सामान आत, ५ पर्यंत मांडणी, ५ ते ६ साउंड चेक. नव्या बँडचा साउंड चेक हमखास लांबतो, कारण तालमीच्या खोलीत कधी न ऐकलेले आवाज मोठ्या सभागृहात ऐकू येतात: बास गिटार भिंतीवरून घुमून परत येते, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मॉनिटर वाढवला की शिट्टी वाजते. हे ६ ला संपणार म्हटलं तरी ६.२० होतात. म्हणून दरवाजे ६.३० ला. जाहिरातीत दोन्ही वेळा लिहायच्या: प्रवेश ६.३० पासून, कार्यक्रम ठीक ७ ला. नुसतं '७ वाजता' लिहिलं तर काही जण ६ ला येऊन दाराशी उभे राहतात आणि काही '७ म्हणजे साडेसात' धरून निघतात.

तिसरी वेळ बहुतेक जाहिरातींत नसते, ती आवर्जून लिहा: समाप्ती अंदाजे ९.१५. देवास, महू, उज्जैनहून येणारा माणूस तिकीट घेण्याआधी परतीचाच विचार करतो. राजेंद्रनगरच्या काकूसुद्धा रिक्षा केव्हा सांगायची हे त्याच ओळीवरून ठरवतात.

कार्यक्रम मोकळ्या मैदानात किंवा लॉनवर असेल तर शेवटाची वेळ तुमच्या हातात नसते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमच्या खासगी कार्यक्रमाला ती आपोआप लागू होत नाही. दिवसासुद्धा निवासी भागात आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येतात. बंद सभागृहाला १० ची अट तशी लागू नाही. पहिल्या कार्यक्रमाला मी बंद सभागृहच घ्या म्हणेन.

तिकीट: किती खुर्च्या विकायच्या, कितीला

४०० खुर्च्या म्हणजे ४०० तिकिटं नव्हेत. आवाजाचं मिक्सर मागे, मधोमध ठेवावं लागतं, कारण तिथेच प्रेक्षकाला जसं ऐकू येतं तसं साउंडवाल्याला ऐकू येतं. त्यात साधारण १२ खुर्च्या जातात. पुढच्या दोन्ही टोकांना स्पीकरच्या मागे जाणाऱ्या १६ खुर्च्यांवरून रंगमंच दिसत नाही. त्या विकल्या तर त्याच रात्री भांडण होतं. सभागृहाच्या राखीव आणि तुमच्या पाहुण्यांच्या मिळून १२ धरा. उरल्या ३६०.

एकदा सभागृहात जाऊन टोकाच्या प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघा. स्पीकर अजून लागलेले नसतात, म्हणून ते जिथे येणार तिथे एका मित्राला हात वर करून उभा करा. ज्या खुर्चीवरून गायक त्याच्या आड जातो, ती विक्रीतून काढायची.

दर दोनच ठेवा. पुढच्या १२० खुर्च्या ५०० रुपये, मागच्या २४० खुर्च्या ३०० रुपये. सगळी विकली तर १ लाख ३२ हजार होतात. आता खर्च मांडा: भाडं, आवाज आणि प्रकाश, छपाई, परवाने, टेम्पो, चहापाणी. तो समजा ९५ हजार झाला. पुढची ९० आणि मागची १७० तिकिटं गेली तर ९६ हजार येतात. म्हणजे २६० तिकिटांपाशी खर्च निघतो. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ हवा, कारण 'आपल्याच माणसांना पास द्या' असं घरातून सुरू झालं की पाहुण्यांच्या १२ च्या ४० कधी होतात ते कळत नाही.

५०० च्या वर न जाण्याचं एक कारण कराचंही आहे. संगीताच्या कार्यक्रमाचं प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. त्याच्या वर १८ टक्के. नोंदणी तुम्हाला लागू होते की नाही हे वार्षिक उलाढालीवर ठरतं, ते ओळखीच्या सीएला विचारून घ्या. महापालिकेचा मनोरंजन कर हा वेगळा विषय आहे. त्याची चौकशी परवानगीच्या अर्जाबरोबरच करा, तिकीट छापल्यावर नाही.

ऑनलाइन विक्रीत तिकीट कंपनी आपलं शुल्क वर लावते. ते प्रेक्षकाने भरायचं असेल तर जाहिरातीत '५०० रुपये, अधिक ऑनलाइन शुल्क' असं स्पष्ट लिहा. ५०० वाचून आलेल्याला पैसे भरताना ५४० दिसले तर तो तिथेच थांबतो.

आपल्याकडचा प्रेक्षक दोन तऱ्हांचा आहे. तरुण मंडळी फोनवर तिकीट घेतात. घरातली वडीलधारी, ज्यांना वर्षानुवर्षं संस्थांच्या सभासदत्वावर नाटकं पाहायची सवय आहे, त्यांना हातात कागद आणि त्यावर रांग-खुर्चीचा क्रमांक हवा असतो. दोघांचीही सोय करा, पण एकच खुर्ची दोन्हीकडे विकली जाण्याचा धोका इथेच असतो. उपाय साधा आहे. मागच्या दरातल्या दोन पूर्ण रांगा, समजा ४० खुर्च्या, कागदी तिकिटांसाठी बाजूला काढायच्या आणि ऑनलाइन नकाशात त्या बंद करायच्या. राजेंद्रनगर किंवा रामबागेतल्या एखाद्या ओळखीच्या दुकानात ती तिकिटं ठेवायची. कार्यक्रम शनिवारी असेल तर गुरुवारी संध्याकाळी दुकानातून उरलेली परत आणून ऑनलाइन उघडायची. शुक्रवारी आणि शनिवारी एकाच ठिकाणी विक्री चालते, त्यामुळे गोंधळाला जागा राहत नाही.

परतीचा नियमही दोन वाक्यांत लिहून टाका. कार्यक्रम आमच्याकडून रद्द झाला तर पूर्ण पैसे परत. तुम्हाला येता आलं नाही तर पैसे परत नाहीत, पण तिकीट दुसऱ्याला देता येईल. हे आधी लिहिलेलं असलं की नंतर कुणाचं मन दुखावत नाही.

सभागृहाचे नियम: कारणासकट

सभागृहाने दिलेला छापील कागद तसाच्या तसा जाहिरातीत चिकटवू नका. बारा-पंधरा कलमं कुणी वाचत नाही. त्यातले जे नियम माणसाच्या निघण्याच्या तयारीवर परिणाम करतात, तेवढेच घ्या आणि जमेल तिथे कारण द्या. कारण कळलं की लोक नियम पाळतात.

पहिला, तिकिटाचा. फोनवरच्या तिकिटावर चौकोनी कोड असतो आणि तो दारात एकदाच चालतो. चार जणांची तिकिटं काढणारा सगळ्यांना एकच फोटो पाठवतो, पहिला आत जातो आणि उरलेले तिघं दारात अडकतात. म्हणून लिहा: प्रत्येकाचा कोड वेगळा आहे, आपापला फोनमध्ये ठेवा.

दुसरा, उशिरा येणाऱ्यांचा. त्यांना गाणं चालू असताना आत सोडायचं नाही, दोन गाण्यांच्या मध्ये सोडायचं. हे दारावरच्या स्वयंसेवकाला जमायचं असेल तर गाण्यांचा क्रम त्याच्या हातात असायला हवा. शांत, एका तंबोऱ्यावर सुरू होणाऱ्या गाण्यात दार उघडून बाहेरचा उजेड आत आला की गायकाचं आणि पुढच्या रांगांचं लक्ष एकदम तुटतं.

तिसरा, मुलांचा. 'लहान मुलांना प्रवेश मोफत' असं मोघम लिहिलं की आठ वर्षांचा मुलगाही मांडीवर बसवला जातो आणि मागच्याला काही दिसत नाही. वय लिहा: ५ वर्षांपर्यंत मांडीवर, तिकीट नाही. त्यापुढे खुर्ची आणि पूर्ण तिकीट. बँड ड्रम-गिटारचा असेल तर तान्ह्या बाळांना पुढच्या रांगांत आणू नका, हेही प्रेमाने सांगा. त्यांच्या कानांना तो आवाज फार होतो.

चौथी गोष्ट नवे बँड हमखास विसरतात. प्रकाशवाला धुराचं यंत्र किंवा झपझप लुकलुकणारे दिवे वापरणार असेल तर ते जाहिरातीत आधी सांगितलं पाहिजे. धुराने दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो, आणि लुकलुकत्या दिव्यांनी काही अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो. तिकीट घेण्याआधी त्यांना कळायला हवं. मला तर वाटतं, मराठी गाण्यांच्या पहिल्या कार्यक्रमात लुकलुकते दिवे नसले तरी काही बिघडत नाही.

मोबाईलच्या बाबतीत 'चित्रीकरण सक्त मनाई' लिहून उपयोग नाही. छोट्या चित्रफितींनीच तुमचा पुढचा कार्यक्रम भरणार आहे. अर्ध्या मिनिटापर्यंत चालेल, फ्लॅश बंद, पूर्ण गाणं नको, एवढंच सांगा. खाणं आत नाही, पाण्याची बाटली चालेल. चारचाकी कुठे, दुचाकी कुठे आणि चाकांच्या खुर्चीसाठी उतरण आहे की नाही हे एकेका ओळीत. उतरण नसेल तर तसंच लिहा आणि मदतीसाठी क्रमांक द्या.

काय वाजवणार, हे कसं सांगायचं

'सुरेल गीतांची मेजवानी' या ओळीवरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तुमच्या कार्यक्रमात असं काय आहे जे त्याला दुसरीकडे ऐकायला मिळणार नाही, हे तीन गोष्टींत सांगा. संपूर्ण यादी देऊ नका. यादी दिली की त्यातलं एखादं गाणं ऐन वेळी गळलं तरी कुणीतरी विचारतंच.

आपल्या उदाहरणातल्या बँडचं घेऊ. पहिली गोष्ट, तुकोबांचा एक अभंग, चाल स्वतःची, सुरुवात फक्त पखवाज आणि बास गिटारवर, शेवटच्या चरणाला सगळा बँड. दुसरी, माळवी बोलीतलं एक कबीराचं भजन आणि त्यातूनच उमलणारं नवं मराठी गाणं. देवासला राहून कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांचा जो शोध घेतला, त्याने इथल्या मराठी कानांना ही वाट ओळखीची झालेली आहे, त्यामुळे जुनी मंडळी या ओळीवर थांबतीलच. तिसरी, ढोलकी आणि ड्रम यांची दहा मिनिटांची जुगलबंदी, मध्यंतरानंतर लगेच. ही तिसरी वेळेसकट लिहायची, म्हणजे मध्यंतरात चहाला गेलेले वेळेवर परत येतात.

पाच तालमींत पाचही वेळा नीट जमलेलंच जाहिरातीत घ्या. 'येईल तोपर्यंत' असं वाटणारं गाणं कार्यक्रमात ठेवा हवं तर, पण त्याचं आश्वासन देऊ नका. पाहुणा वादक असेल तर त्याचं नाव त्याने लेखी होकार दिल्यावरच.

इथे हक्कांचा मुद्दा येतो. तिकीट लावून दुसऱ्याचं गाणं रंगमंचावर गायचं तर गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून काम करते आणि तिच्याकडे अर्ज करता येतो. लेखनाचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. तुकोबांचे किंवा कबीराचे शब्द त्यामुळे सगळ्यांचे आहेत. पण त्यांना विसाव्या शतकात कुणी लावलेली लोकप्रिय चाल ही त्या संगीतकाराची असते. अभंग आहे म्हणून मोकळा आहे असं समजून नवे बँड नेमके इथे अडकतात. चाल तुमची असेल तर जाहिरातीत 'नवी चाल' असं अभिमानाने लिहा. एखाद्या गुरूंकडून किंवा गावच्या भजनी मंडळाकडून घेतली असेल तर त्यांचं नाव रंगमंचावरून घ्या.

पूर्ण मजकूर

आता हे सगळं एकत्र केलं की जाहिरात अशी दिसते. कंसातल्या जागा तुम्ही भरायच्या.

> (बँडचं नाव): नव्या चालींची मराठी गाणी
> शनिवार, ५ डिसेंबर २०२६. (सभागृहाचं नाव), रीगलजवळ, इंदूर.
> प्रवेश ६.३० पासून, कार्यक्रम ठीक ७ वाजता, समाप्ती अंदाजे ९.१५. मध्यंतर १५ मिनिटं.
>
> तुकोबांचा अभंग पखवाज आणि बास गिटारवर, नव्या चालीत. माळवी कबीर भजनातून उमलणारं मराठी गाणं. आणि मध्यंतरानंतर लगेच ढोलकी-ड्रमची जुगलबंदी.
>
> तिकीट: पुढच्या रांगा ५०० रुपये, मागच्या रांगा ३०० रुपये. खुर्ची क्रमांकासह. ऑनलाइन: (दुवा), शुल्क वेगळं. कागदी तिकीट (दुकान, राजेंद्रनगर) इथे गुरुवार ३ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत. जागा उरल्या तरच दारावर विक्री.
> कार्यक्रम रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत. अन्यथा परतावा नाही, तिकीट दुसऱ्याला देता येईल.
>
> येताना: प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतःचा कोड हवा. ५ वर्षांपर्यंतची मुलं मांडीवर, त्यापुढे तिकीट. उशीर झाल्यास दोन गाण्यांच्या मध्येच प्रवेश. रंगमंचावर हलका धूर वापरला जाईल. खाद्यपदार्थ आत नाहीत, पाणी चालेल. छोटं चित्रीकरण चालेल, फ्लॅश नको. दुचाकी आवारात, चारचाकी (जागा). चाकांच्या खुर्चीची सोय आणि इतर चौकशी: (क्रमांक), सकाळी १० ते रात्री ८.

याचा एक हिंदी मसुदाही करा. आपल्या शेजारपाजारच्या, ऑफिसातल्या किती तरी हिंदी भाषिक मित्रांना मराठी गाणं ऐकायला आवडतं. मजकूर लहान असू दे, वेळा आणि दर मात्र तेच.

पाठवणं आणि नंतरचे बदल

चार आठवडे आधी तारीख आणि तिकिटं एकत्रच जाहीर करा. नुसती तारीख सांगून तिकिटं दहा दिवसांनी उघडली तर पहिला उत्साह वाया जातो. लग्नसराईत तर एवढ्यात शनिवार दुसरीकडे दिलेला असतो. चित्र आणि मजकूर दोन्ही पाठवा. चित्र पुढे पाठवताना खालचा मजकूर आणि दुवा गळून पडतो, म्हणून तारीख, वेळ, जागा, दर आणि चौकशीचा क्रमांक चित्रावरही हवेतच. नियम चित्रावर नकोत, ते वाचता येत नाहीत. चित्र तयार झालं की घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनवर, मोठं न करता, वाचता येतं का ते बघा.

कार्यक्रमाच्या आठवड्यात फक्त एक आठवण पाठवा. त्यात उरलेल्या जागांचा खरा आकडा द्या. 'शेवटच्या काही जागा' असं लिहून सभागृह अर्धं रिकामं दिसलं तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही.

काही बदललंच, म्हणजे वेळ पुढे गेली किंवा ड्रम वाजवणारा आजारी पडला, तर क्रम पक्का ठेवा. आधी तिकीट घेतलेल्यांना संदेश. मग मूळ जाहिरातीत दुरुस्ती, वर 'बदल: १ डिसेंबर' अशी तारीख घालून. शेवटी ग्रुपवर. जुनं चित्र पुसून टाका, कारण फिरत राहणारं जुनं चित्रच लोकांना चुकीच्या वेळी दारात आणतं. ड्रम नसतील तर जुगलबंदीची ओळ काढा आणि तिकीट घेतलेल्यांना पैसे परत घ्यायचा पर्याय द्या. ती ओळ वाचूनच काहींनी तिकीट काढलेलं असतं.

तिकिटं संपली तर त्याच क्षणी मूळ जाहिरातीच्या पहिल्या ओळीत 'सर्व तिकिटं संपली, दारावर विक्री नाही' असं लिहा आणि दुकानातल्या काकांनाही फोन करून सांगा.